मापातले पाप नेमके कोठे असते?

'मापात पाप' हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की त्यात काही कोडे दडलेले असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. एखाद्या धान्य-दुकानदाराने किलोच्या वजनाच्या बुडातील शिसे काढून घेतले आणि गिऱ्हाइकाला किलोच्या दराने नऊशे ग्रॅम ज्वारी मोजून दिली, तर त्याने मापात पाप केले असे आपण म्हणतो. या वाक्यात दोन निराळी विधाने गुंफलेली आहेत. ज्वारी शंभर ग्रॅम कमी भरली, हे पहिले. दुकानदाराने जे केले ते वाईट होते, हे दुसरे. व्यवहारात ही दोन्ही आपण एकाच श्वासात आणि सारख्याच खात्रीने उच्चारतो. पण ती दोन्ही एकाच जातीची आहेत काय?

पहिल्या विधानाची शहानिशा कशी करावयाची, हे सर्वांना ठाऊक आहे. खरे वजन आणावे, ताजवा धरावा, फरक मोजावा. वाद वाढलाच, तर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडे जाता येते. त्याच्या वजनांची तपासणी त्याहून अचूक वजनांशी होते आणि ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. २०१९ सालापर्यंत या साखळीचे अखेरचे टोक पॅरिसजवळील सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल हे होते. त्यानंतर किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातील एका स्थिरांकावर बसविण्यात आली. आता दुसरे विधान घ्यावे. त्या कृत्यातील 'वाईटपणा' कोणत्या ताजव्यात तोलावयाचा? दुकानदार निर्लज्जपणे म्हणाला की, 'शंभर ग्रॅम कमी दिले हे कबूल. पण ते वाईट आहे हे दाखवून द्या', तर त्याला नेमके काय दाखवावयाचे?

या प्रश्नाला विसाव्या शतकात ज्याने सर्वांत रोखठोक उत्तर दिले, तो तत्त्वज्ञ म्हणजे जॉन लेस्ली मॅकी. मॅकी यांचा जन्म १९१७ साली सिडनीत झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अध्यापन केल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९६७ पासून १९८१ मधील मृत्यूपर्यंत ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. नीतीच्या खंडनाचा पहिला लेख त्यांनी १९४६ सालीच लिहिला होता. परंतु त्या विचाराला पूर्ण रूप आले ते १९७७ च्या 'एथिक्स : इन्व्हेंटिंग राइट अँड राँग' या पुस्तकात. त्यांचे उत्तर असे की, दुकानदाराला दाखवावयाचे असे काही नाहीच. वस्तुनिष्ठ नैतिक मूल्ये, म्हणजे माणसांच्या आवडीनिवडी, करार आणि रूढी यांवर अवलंबून नसलेली मूल्ये, जगाच्या घडणीत कोठेही नाहीत.

या मताला इंग्रजीत 'एरर थिअरी' म्हणतात. मराठीत त्याला 'प्रमादवाद' म्हणता येईल. हे नाव का पडले, ते समजून घेतले पाहिजे. कारण नीती नाकारणाऱ्या इतर मतांहून त्याचे वेगळेपण त्यातच आहे. मॅकींच्या आधी, १९३६ साली, ए. जे. एअर यांनी असे प्रतिपादले होते की, 'चोरी वाईट' हे मुळी विधानच नव्हे. तो केवळ तिरस्काराचा उद्गार आहे. 'शी!' या उद्गाराला खरे-खोटे म्हणता येत नाही, तसेच या वाक्यालाही. मॅकींना हे पटले नाही. आपण 'ते वाईट आहे' असे म्हणतो, तेव्हा स्वतःचा संताप सांगण्याहून अधिक काही म्हणतो. साऱ्या गावाला ते गोड वाटले तरी ते वाईटच, असा आपला दावा असतो. म्हणजे नैतिक विधान हे खरोखरीचे विधान असते आणि ते वस्तुनिष्ठतेचा दावा करते. मात्र तो दावा ज्याच्याविषयी आहे, ते जगात नाही. म्हणून अशी सर्व विधाने चुकीची ठरतात. अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ 'लाकूड जळताना त्यातील फ्लोजिस्टॉन बाहेर पडते' असे म्हणत. तो उद्गार नव्हता, गंभीर विधान होते. परंतु फ्लोजिस्टॉन नावाचा पदार्थच नव्हता. नीतीची भाषा मॅकींच्या मते त्याच अवस्थेत आहे.

मॅकी काय नाकारतात हे पाहण्यापूर्वी ते काय नाकारीत नाहीत, हे स्पष्ट झालेले बरे. एकदा मानदंड ठरला की त्यानुसार केलेले मूल्यमापन खरे किंवा खोटे असू शकते, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचे निकष ठरलेले असतील, तर अमुक उत्तराला दहापैकी सात गुण योग्य की अयोग्य, हा परीक्षकाच्या लहरीचा प्रश्न राहात नाही. सफरचंदांची प्रतवारी करतानाही तेच. त्याचप्रमाणे हेतू दिलेला असेल, तर साधनाविषयीचे 'पाहिजे' हेही साधे तथ्यच असते. 'गिऱ्हाईक टिकवावयाचे असेल तर माप पुरे दिले पाहिजे', हे विधान खरे असू शकते. जर्मन तत्त्वज्ञ कांट अशा आज्ञांना सोपाधिक आदेश म्हणतो. त्यांना 'जर' जोडलेला असतो. हेतू सोडला की आदेशही सुटतो. स्टेशनसमोर दुकान आहे, गिऱ्हाईक पुन्हा कधी भेटणार नाही, पकडले जाण्याचे भय नाही, अशा दुकानदाराच्या बाबतीत हा 'जर'च गळून पडतो. आणि तरीही आपण म्हणतो, त्याने माप पुरे दिलेच पाहिजे. हे 'दिलेच पाहिजे' कोणत्याही हेतूवर टेकलेले नाही. कांटच्या भाषेत तो निरुपाधिक आदेश आहे. मॅकींचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

त्यांच्या युक्तिवादाला 'विचित्रतेचा युक्तिवाद' म्हणतात. त्याचा पहिला भाग असा. जगातील ज्ञात तथ्ये उदासीन असतात. ज्वारीचे वजन नऊशे ग्रॅम आहे, हे तथ्य कोणाला काही करावयास सांगत नाही. गिऱ्हाइकाला त्यातून राग येईल, दुकानदाराला समाधान वाटेल. तथ्य दोघांकडेही सारख्याच थंडपणे पाहते. आग पोळते हे तथ्यसुद्धा 'हात मागे घे' असा हुकूम करीत नाही. वेदना टाळण्याची आपली इच्छा तो हुकूम करते. याउलट 'हे कृत्य वाईट आहे' हे जर तथ्य असेल, तर ते असे तथ्य असले पाहिजे की ज्याच्या अस्तित्वातच 'हे करू नकोस' ही मागणी भरलेली आहे, आणि ऐकणाऱ्याच्या इच्छेशी त्या मागणीचा काही संबंध नाही. ज्याला कमी मापाचे काहीच वाटत नाही, त्याच्यावरही तिचा अधिकार चालतो. विश्वात अशा प्रकारची दुसरी वस्तू दाखविता येत नाही. मॅकींनी येथे प्लेटोचे स्मरण केले आहे. प्लेटोच्या 'शिव'तत्त्वाचे ज्याला ज्ञान होते, त्याला काय करावे हे तर कळतेच, शिवाय ते करण्याची प्रेरणाही त्या ज्ञानातूनच मिळते. वस्तुनिष्ठ मूल्ये असतील तर ती अशीच असावी लागतील, आणि अशा वस्तूला विचित्र म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

युक्तिवादाचा दुसरा भाग 'म्हणून' या साध्या शब्दाभोवती फिरतो. कमी माप देणे ही फसवणूक आहे, 'म्हणून' ते वाईट आहे, असे आपण म्हणतो. फसवणूक आहे हे एक तथ्य. वाईट आहे हे दुसरे. या दोहोंना जोडणारा दुवा कोणत्या जातीचा? तो तर्काचा दुवा नाही. कारण एखाद्याने 'फसवणूक आहे, पण वाईट नाही' असे म्हटले, तर तो चुकला असे आपल्याला वाटेल. 'त्रिकोणाला चार बाजू आहेत' म्हणणाऱ्यासारखा तो स्वतःच्याच शब्दांना छेद देत नाही. शिसे काढल्यामुळे वजन हलके झाले, हा जसा कार्यकारणाचा दुवा आहे, तसाही तो नाही. तरीसुद्धा हा दुवा अभेद्य असल्याचे आपण धरून चालतो. दोन दुकानदारांची कृत्ये, हेतू, परिस्थिती व परिणाम हे सारे तंतोतंत सारखे असताना एकाचे कृत्य वाईट आणि दुसऱ्याचे निर्दोष, असे कधीच होऊ शकत नाही असे आपण मानतो. तर्काचाही नव्हे आणि निसर्गाचाही नव्हे, असा हा तिसरा बंध कोठून आला, याचे उत्तर वस्तुनिष्ठतेच्या कैवाऱ्यांनी दिले पाहिजे.

तिसरा भाग ज्ञानाविषयी आहे. समजा, अशी तथ्ये आहेत. ती आपल्याला कळतात कशी? वजन हाताला जाणवते, काटा डोळ्यांना दिसतो. वाईटपणा मात्र ना दिसत, ना ऐकू येत, ना हिशेबाने निघत. जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये 'चांगले' हा निसर्गातील कोणत्याही गुणाहून निराळा गुण मानला, तेव्हा त्याचे ज्ञान साक्षात होते असेच म्हणावे लागले. या ज्ञानाला अंतःप्रज्ञेचे नाव दिले जाते. परंतु नाव देणे म्हणजे उलगडा करणे नव्हे. ही अंतःप्रज्ञा कशी चालते, ती बिघडली आहे हे कसे ओळखावे, दोघांच्या अंतःप्रज्ञा परस्परविरोधी बोलू लागल्या तर निवाडा कोणी करावा, यांपैकी एकाही प्रश्नाला ताजव्याच्या तोडीचे उत्तर नाही.

येथे वाचकाला साहजिकच वाटेल की, विचित्र असणे हा काही अस्तित्व नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. विद्युत्कण काय कमी विचित्र आहेत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर युक्तिवादाच्या दुसऱ्या पायरीत आहे. विद्युत्कण आपण पत्करले, कारण त्यांच्याशिवाय प्रयोगशाळेत दिसणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होत नाही. त्यांनी आपल्या विचित्रतेचे मोल चुकते केले आहे. नैतिक तथ्यांनी असे काय चुकते केले? कमी माप पाहून गिऱ्हाईक संतापते, याचा उलगडा करण्यासाठी त्याचे संगोपन, त्याचे झालेले नुकसान, समाजाने त्याच्यात रुजविलेली न्यायबुद्धी एवढे पुरेसे आहे. त्या जोडीला कृत्याच्या अंगी 'वाईटपणा' नावाचा गुण खरोखरच होता असे मानल्याने उलगड्यात काहीच भर पडत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मन यांनी योगायोगाने १९७७ सालीच हाच मुद्दा आपल्या पुस्तकात मांडला. विचित्रही आणि निरुपयोगीही, अशी वस्तू मानण्याचे कारण राहात नाही.

मग साऱ्या मानवजातीला ही चूक पडली तरी कशी? मॅकींचे उत्तर ह्यूमच्या वाटेने जाते. मन आपल्या भावना बाहेरच्या वस्तूंवर पसरविते. एखाद्या पदार्थाची किळस आपल्याला येते, पण आपण पदार्थालाच किळसवाणा म्हणतो. त्यात समाजाची गरज मिसळते. परस्परांच्या वागण्याला आवर घालावयाचा, तर 'मला हे नको आहे' यापेक्षा 'हे वाईट आहे' या शब्दांना अधिक धार असते. आणखी एक कारण इतिहासातील आहे. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कोम यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले होते की, कर्तव्याची पाश्चात्त्य कल्पना ईश्वराच्या आज्ञेतून आली; पुढे आज्ञा देणारा विचारांतून मागे सरला आणि आज्ञा तेवढी मागे उरली.

या युक्तिवादावर गेली जवळजवळ पन्नास वर्षे आघात होत आहेत. त्यांतील दोन विशेष दखल घेण्याजोगे आहेत. पहिला आघात निसर्गवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, वाईटपणा हा काही वेगळा गूढ गुण नव्हेच. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग, हे जसे शोधाने कळले, तसेच वाईटपणा म्हणजे अमुक प्रकारची हानी, हेही शोधाने कळू शकेल. शोध लागण्यापूर्वीही लोक पाणीच पीत होते. या उत्तराने ज्ञानाची अडचण पुष्कळशी दूर होते, कारण हानी मोजता येते. पण ज्या गोष्टीमुळे अडचण उभी राहिली होती, तीच हातून निसटते. स्टेशनसमोरचा दुकानदार म्हणेल, 'हानी झाली हे खरे. पण ती माझी नव्हे. मी ती का टाळावी?' हानीचे तथ्य पुन्हा उदासीनच आहे. फिलिपा फूट यांनी १९७२ मध्ये हे धैर्याने मान्य केले होते. नीतीचे आदेशही अखेर सोपाधिकच आहेत, ज्यांना न्यायाची आणि माणसांची चाड आहे अशांनाच ते बांधतात, असे त्या त्या वेळी म्हणाल्या. हा मार्ग सुसंगत आहे. मात्र त्यावर चालणाऱ्याने 'दिलेच पाहिजे' यातील 'च' सोडून दिलेला असतो.

दुसरा आघात अधिक खोल आहे. विचित्रतेचा आरोप नीतीवर ठेवावयाचा, तर तोच इतर कोणाकोणावर ठेवावा लागेल? अठराव्या शतकातील रिचर्ड प्राइसने इंद्रियांना न दिसणाऱ्या संख्या, कारणता, आवश्यकता यांसारख्या कल्पनांची यादीच दिली होती. मॅकींना या प्रश्नाचे वजन माहीत होते. या कल्पनांचा अनुभवाच्या आधारे उलगडा करता येईल, आणि जिचा येणार नाही तीही नाकारावी लागेल, असे ते म्हणाले. परंतु त्या यादीत नसलेली एक गोष्ट टेरेन्स क्युनिओ यांनी २००७ मध्ये पुढे आणली. ती म्हणजे श्रद्धेविषयीचे 'पाहिजे'. पुरावा समोर असेल तर निष्कर्ष मानला पाहिजे, मग तो आवडो वा न आवडो. हा आदेशही निरुपाधिकच नव्हे काय? तो विचित्र म्हणून फेटाळला, तर मॅकींचा युक्तिवाद वाचून त्यांचा निष्कर्ष 'मानला पाहिजे' असे तरी कसे म्हणावयाचे? प्रमादवादी स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडतो, असा हा पेच आहे.

यावर प्रमादवाद्यांत एकमत नाही. जोनास ऑल्सन २०१४ मध्ये म्हणतात की, निष्कर्षाला पुरावा आहे, तो खरा आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यावर 'मानला पाहिजे' ही मागणी जोडण्याची गरज नाही. बार्ट स्ट्रॉयमर २०१७ मध्ये याहून पुढे जातात. सर्वच 'पाहिजे' खोटे आहेत हे त्यांना मान्य आहे, आणि म्हणूनच या मतावर कोणाला पूर्ण विश्वास ठेवता येणार नाही, हेही ते कबूल करतात. सामान्य वाचकाला ऑल्सन यांचे उत्तर अधिक समजूतदार वाटेल. मात्र पुराव्याने 'समर्थन मिळणे' म्हणजे तरी काय, हा प्रश्न त्या उत्तरानेही पुरता मिटत नाही. युक्तिवादाची खरी कमकुवत जागा येथे आहे. तो धक्कादायक वाटतो यात नव्हे.

धक्का बसतो तो एका गैरसमजाने. 'कमी माप देणे वाईट आहे' हे खोटे, तर मग कमी माप देणे योग्य आहे, त्याला मुभा आहे, असे अनेकांना वाटते. पण 'मुभा आहे' हेही नैतिक विधानच आहे आणि प्रमादवादात तेही तितकेच खोटे ठरते. शनीचा कोप झालेला नाही असे जो म्हणतो, तो शनी प्रसन्न आहे असे म्हणत नसतो. कोपणारा आणि प्रसन्न होणारा असा कोणी नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. तेव्हा मॅकींचे पुस्तक दाखवून दुकानदाराला सुटका मिळणार नाही. आपले माप खोटे नव्हते, असे त्याला म्हणता येत नाही. ते वैध होते असेही म्हणता येत नाही. आणि गिऱ्हाइकांनी त्याच्यावर बहिष्कार घालू नये, असा हक्कही त्याला सांगता येत नाही.

राहिला प्रश्न, ही चूक उमगल्यावर नीतीच्या भाषेचे करावयाचे काय. इयन हिंकफस यांनी १९८७ मध्ये ती सोडून द्यावी असे सुचविले. हितसंबंधांचे भांडण तडजोडीने मिटते. पण दोन्ही पक्ष आपल्या बाजूला परम सत्य आहे असे मानू लागले की ते मिटत नाही, असा त्यांचा अनुभवसिद्ध वाटणारा मुद्दा होता. रिचर्ड जॉइस यांनी २००१ मध्ये उलट सल्ला दिला. पकडले जाण्याचे भय नसताना मोहाच्या क्षणी हिशेब डळमळतो. अशा वेळी 'हे करावयाचेच नाही' हा विचार, तो कल्पित असला तरी, मनाला खुंटा बनतो. मॅकींची स्वतःची दिशा त्यांच्या पुस्तकाच्या नावातच होती. नीती शोधावयाची नसते, ती रचावयाची असते. आणि पुस्तकाचा उरलेला मोठा भाग त्यांनी ही रचना कशी असावी याच विचाराला दिला. माणसाची सहानुभूती तोकडी आणि साधने मर्यादित, म्हणून एकमेकांना बांधून घेणारे नियम लागतात, हा ह्यूमचा विचार त्यांनी पुढे चालविला.

या संदर्भात वजनाच्या इतिहासाकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. किलोग्रॅम निसर्गात कोरलेला नव्हता. माणसांनी तो ठरविला, धातूत घडविला, देशोदेशी त्याच्या प्रती पाठविल्या, तो बदलला आणि त्याच्यामागे २००९ च्या वैधमापन कायद्यासारखे कायदे उभे केले. तो मानवनिर्मित आहे म्हणून ज्वारी कमी भरल्याचे तथ्य पोकळ होत नाही. मात्र या उपमेची मर्यादाही ओळखली पाहिजे. किलोग्रॅम ठरला की वजन किती हे निश्चित होते. वजन पुरे 'का' द्यावे, याचे उत्तर त्या दंडगोलात कधीच नव्हते. मॅकी बरोबर असतील, तर ते उत्तर विश्वात कोठेही साठवून ठेवलेले नाही. ते गिऱ्हाइकांच्या दक्षतेत, निरीक्षकाच्या शिक्क्यात आणि लोकांना एकमेकांविषयी वाटणाऱ्या आस्थेत आहे. तेवढे आधार ढिले पडले, तर मापात पाप शिरते, आणि त्या वेळी त्याला अडविण्यासाठी दुसरे कोणतेही तथ्य धावून येत नाही.